दोघांत 'टॉलेस्ट' कोण? – वही तपासताना थांबायची एक जागा



आज एका अगदी छोट्या विषयावर लिहिते आहे. इंग्रजीच्या वह्या तपासताना तुम्हाला हे वाक्य नक्की भेटलं असेल: 'राम अँड श्याम आर ब्रदर्स. राम इज द टॉलेस्ट.' भाऊ दोनच आहेत आणि मुलाने 'टॉलेस्ट' लिहिलं आहे. लेखी इंग्रजीत इथे 'टॉलर' हवं. 'राम इज द टॉलर ऑफ द टू.' नियम एका ओळीचा आहे: दोघांत तुलना असेल तर 'इआर'चं रूप, तीन किंवा जास्त असतील तर 'इएसटी'चं. 'मोअर' आणि 'मोस्ट' यांचंही तसंच.

नियम एका ओळीचा असला तरी तपासणं तितकं सोपं नाही. मुलाची चूक सुटून जाते ती एक गोष्ट. पण त्याहून मोठा धोका म्हणजे बरोबर वाक्यावर लाल काट बसणं. दोन नावं दिसली आणि पुढे 'इएसटी' दिसलं की हात आपोआप काट मारतो. म्हणून हे तपासायचं कसं, ते सविस्तर सांगते.

मूल 'टॉलेस्ट' का लिहितं?

आपण फळ्यावर तीन रकाने आखतो. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. मुलांना ती शिडी वाटते. पहिली पायरी साधी, दुसरी त्याहून वरची, तिसरी सगळ्यात वरची. मग जो जिंकला त्याला वरची पायरी द्यायची, एवढंच त्यांच्या डोक्यात बसतं. दोघांत राम उंच ठरला, म्हणजे जिंकला, म्हणजे 'टॉलेस्ट'. मुलाचा विचार चुकीचा नाही, रकान्यांचा अर्थ त्याला वेगळा लागला आहे. 'इआर' की 'इएसटी' हे किती उंच यावरून ठरत नाही, ते किती जणांत उंच यावरून ठरतं. चार फुटांचा मुलगा तिघा बुटक्यांत 'टॉलेस्ट' असतो आणि सहा फुटांचा माणूस साडेसहा फुटांच्या माणसाशेजारी 'शॉर्टर' असतो.

दुसरी अडचण 'द'ची. मुलांनी पाठ केलेलं असतं की 'द' फक्त तिसऱ्या रकान्याला लागतो. त्यामुळे 'द टॉलर' त्यांच्या कानाला विचित्र वाटतं आणि 'द' लिहिला की हात पुढे 'टॉलेस्ट'कडेच जातो. इथे त्यांना कारण सांगावं. 'राम इज टॉलर दॅन श्याम' यात आपण फक्त फरक सांगतो, म्हणून 'द' नाही. 'राम इज द टॉलर ऑफ द टू' यात आपण दोघांतल्या एकाकडे बोट दाखवून 'तो' म्हणतो, म्हणून 'द' येतो. बोट दाखवलं की 'द', एवढं मुलांना पुरतं. मात्र दोन्ही रचना एकत्र करून 'द टॉलर दॅन श्याम' लिहिलं, तर ते चुकीचं.

मराठी कानाची मदत घ्या

मराठीत विशेषण स्वतः बदलत नाही. 'उंच' तो 'उंच'च राहतो. तुलनेचं काम 'पेक्षा', 'दोघांत', 'सर्वांत' हे शब्द करतात. मुलं या फरकामुळे गोंधळतात असं आपण म्हणतो खरं, पण तपासायला मराठीच उपयोगी पडते. वर्गात विचारून बघा: 'राम आणि श्याम या दोघांत राम सर्वांत उंच आहे,' हे कसं वाटतं? मुलं लगेच हसतात. 'बाई, दोघंच आहेत, सर्वांत कसं म्हणायचं?' झालं, नियम त्यांनीच सांगितला. 'दोघांत' म्हणावंसं वाटलं तर 'इआर', 'सर्वांत' म्हणावंसं वाटलं तर 'इएसटी'. इंग्रजी वाक्याचं मराठी करून कानाला विचारायचं, ही पहिली तपासणी.

थोरल्या मुलांना आणखी एक गंमत सांगता येते. आपण 'तरतमभाव' हा शब्द वापरतो. त्यातले 'तर' आणि 'तम' हे संस्कृतचे दोन प्रत्यय आहेत. पाणिनीने अष्टाध्यायीत (5.3.57) 'तर' हा प्रत्यय दोघांतल्या तुलनेसाठी नेमून दिला आहे, आणि 'तम' त्याच्या आधी, 5.3.55 मध्ये, अतिशयासाठी सांगितला आहे. म्हणजे इंग्रजीचा जो नियम मुलांना परका वाटतो, तो आपल्या एका रोजच्या शब्दात दडलेला आहे. पुस्तकाचे दोन भाग केले तर आपण 'पूर्वार्ध' आणि 'उत्तरार्ध' म्हणतो. 'उत्तर' या शब्दात तोच 'तर' आहे, कारण भाग दोनच. 'उत्तमार्ध' असं कोणी म्हणत नाही.

आणि इंग्रजीतला 'बेटर हाफ' तर आपल्या बोलण्यातही आला आहे. बायकोची ओळख करून देताना माणूस 'ही माझी बेटर हाफ' म्हणतो, 'बेस्ट हाफ' म्हणत नाही. अर्धे भाग दोनच असतात ना! हे उदाहरण मुलांना एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

नावं मोजू नका, तुलनेत कोण आहे ते मोजा

आता मुख्य मुद्दा. वाक्यात किती नावं आली, याला महत्त्व नाही. तुलना किती जणांत चालली आहे, हे मोजायचं.

कळसूबाई 1646 मीटर उंच आहे आणि साल्हेर 1567 मीटर. फळ्यावर दोन वाक्यं लिहा. पहिलं: 'ऑफ कळसूबाई अँड साल्हेर, कळसूबाई इज द हायेस्ट.' दुसरं: 'साल्हेर इज हाय, बट कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.' दोन्हींत नावं तीच, 'हायेस्ट' तेच. तरी पहिलं चूक आणि दुसरं बरोबर. पहिल्यात तुलना दोन शिखरांत आहे. दुसऱ्यात महाराष्ट्रातली सगळी शिखरं रांगेत उभी आहेत, साल्हेरचं नाव फक्त ओघात आलं आहे. म्हणून 'इएसटी' दिसलं की लगेच 'ऑफ' किंवा 'इन' शोधायचा आणि त्याच्यापुढे काय आहे ते वाचायचं. 'ऑफ द टू' असेल तर 'इआर'. 'इन द क्लास', 'इन महाराष्ट्र' असेल तर 'इएसटी'. काहीच नसेल, तर आधीच्या वाक्यात डोकवायचं.

हाच प्रश्न गणिताच्या तासालाही येतो. एकदा एका मुलाने विचारलं, '12 आणि 18 या दोनच संख्या आहेत, मग त्यांच्या विभाज्याला लघुत्तम का म्हणतात? लघुतर म्हणायला हवं ना?' प्रश्न फार चांगला होता. उत्तर असं की तुलना 12 आणि 18 यांच्यात चाललेलीच नाही. 36, 72, 108 अशा त्यांच्या साधारण विभाज्यांची न संपणारी रांग आहे आणि त्या रांगेतला सर्वांत लहान तो 36. मसाविचंही तसंच. 12 आणि 18 चे साधारण विभाजक 1, 2, 3 आणि 6 असे चार, त्यांत महत्तम 6. आता 4 आणि 6 घेतले तर साधारण विभाजक 1 आणि 2 असे दोनच उरतात, पण ती पारिभाषिक संज्ञा आहे, दर वेळी बदलत नाही. मुद्दा एवढाच की वाक्यात दिसणारी जोडी वेगळी आणि तुलनेतली मंडळी वेगळी असू शकतात.

एक परिच्छेद तपासून पाहू

आठवीतल्या मुलाने 'आमचे बैल' या विषयावर इंग्रजीत लिहिलेल्या परिच्छेदासारखा हा नमुना घ्या. वाक्यं अशी:

1. वी हॅव टू बुलक्स, सर्जा अँड राजा.
2. सर्जा इज द स्ट्राँगेस्ट.
3. राजा इज टॉलर दॅन सर्जा.
4. सर्जा इज द फास्टेस्ट बुलक इन अवर व्हिलेज.
5. ऑफ द टू, राजा इज द मोअर कामेस्ट.
6. आय लाइक राजा द मोस्ट.

पहिल्या वाक्याने दोन बैल समोर आणले. दुसऱ्या वाक्यात 'ऑफ' नाही, 'इन' नाही, म्हणून मागे पाहायचं. मागे दोनच बैल आहेत, तेव्हा 'द स्ट्राँगर' हवं, किंवा स्पष्ट लिहायचं तर 'द स्ट्राँगर ऑफ द टू'. इथे दुरुस्ती करावी.

तिसरं वाक्य बरोबर. 'दॅन' आहे, 'द' नाही.

चौथ्या वाक्यात घाईने काट बसते. इथेही सर्जा आहे, इथेही 'इएसटी' आहे. पण 'इन अवर व्हिलेज' म्हटल्यावर गावातले सगळे बैल तुलनेत आले. वाक्य पूर्ण बरोबर आहे. गावात खरोखर दोनच बैल उरले असतील तर गोष्ट वेगळी!

पाचव्यात एकाच जागी दोन चुका आहेत. 'ऑफ द टू' मुलाने स्वतःच लिहिलं आहे, म्हणजे संख्या त्याला कळली आहे. 'मोअर'सुद्धा त्याने योग्य दिशेने लिहिला, फक्त 'काम' या लहान शब्दाला 'इआर' पुरतो, आणि 'इएसटी' मात्र सवयीने चिकटला. दुरुस्ती: 'द कामर'. अशा ठिकाणी पूर्ण वाक्य खोडू नका. 'ऑफ द टू'खाली बरोबरची खूण करा आणि फक्त 'मोअर कामेस्ट' गोल करा. मुलाला काय जमलं आणि काय राहिलं, दोन्ही दिसतं.

सहाव्या वाक्यावर मी प्रश्नचिन्ह लिहिते, काट मारत नाही. दोन बैलांतच निवड असेल तर 'आय लाइक राजा मोअर'. पण गोठ्यातल्या गाई-म्हशी, कोंबड्या, कुत्रा, सगळ्यांत राजा आवडता असेल तर 'द मोस्ट' बरोबर आहे. मुलाला विचारायचं, 'कोणाकोणात?' त्याचं उत्तर आलं की योग्य शब्द तो स्वतःच सांगतो.

'कोणाकोणात?' न विचारल्याने काय होतं

माझ्या ओळखीतल्या एका पालकांनी मला त्यांच्या मुलीची उत्तरपत्रिका दाखवली होती. मुलगी माझ्या शाळेतली नव्हे. तिने लिहिलं होतं, 'आय हॅव टू ब्रदर्स. दादा इज द एल्डेस्ट अँड आय अॅम द यंगेस्ट.' तपासणाऱ्याने दोन्ही शब्द खोडून 'एल्डर' आणि 'यंगर' लिहिलं होतं आणि गुण कापला होता. भाऊ दोन, म्हणून 'इआर', असा हिशेब झाला. पण मुलगी बोलत होती तीन भावंडांबद्दल: दोन भाऊ आणि ती. 'आय अॅम द यंगेस्ट' म्हटल्यावर तर शंकाच उरत नाही, कारण ती स्वतः रांगेत उभी आहे.

आई म्हणाली, 'एका गुणाचं काही नाही हो मॅडम. पण त्यानंतर ती निबंधात असलं वाक्यच लिहीत नाही. सगळ्यांना नुसतं टॉल, गुड, बिग म्हणते. म्हणजे चुकायला नको.' नियम लावायचा म्हणून नियम लावला आणि मुलीने एक अख्खी रचना टाकून दिली.

म्हणून नात्यांच्या वाक्यांत बोलणाऱ्याला मोजायला विसरू नका. 'द एल्डर ऑफ माय टू ब्रदर्स' म्हटलं तर रांगेत फक्त दोन भाऊ. 'द एल्डेस्ट ऑफ अस' म्हटलं तर बोलणाराही रांगेत. मराठीत आपण थोरला, मधला, धाकटा म्हणतो. मधला कोणी असेल तर 'एल्डेस्ट', मधला कोणी नसेल तर 'एल्डर'. ही खूण मुलांना चटकन पटते.

लपलेले दोन

'टू' हा शब्द प्रत्येक वेळी वाक्यात असतोच असं नाही. जुळी भावंडं, आई-वडील, दोन हात, अंतिम सामन्यातले संघ, पहिलं आणि दुसरं सत्र, यांत दोनची संख्या लपलेली असते. अंतिम सामन्यात मैदानावर बावीस खेळाडू असले तरी तुलना दोन संघांत आहे, म्हणून 'द स्ट्राँगर टीम'. आधी गट करा, मग मोजा.

'अदर' हा शब्दही मोठा पुरावा देतो. 'ही इज टॉलर दॅन द अदर बॉय' म्हटलं की मुलं दोनच. 'टॉलर दॅन एनी अदर बॉय' म्हटलं की बरीच. पदवी बदलण्याच्या प्रश्नात हा फरक फार कामाला येतो. 'टॉलर दॅन एनी अदर बॉय इन द क्लास' याचं 'द टॉलेस्ट बॉय इन द क्लास' होतं. पण 'राम इज टॉलर दॅन श्याम' याचं 'इएसटी'चं रूप होतच नाही. त्याचं फक्त 'श्याम इज नॉट अॅज टॉल अॅज राम' असं साधं रूप होतं. सरावासाठी प्रश्न काढताना प्रत्येक वाक्याची तिन्ही रूपं मागू नयेत. मागितली तर मुलं नाइलाजाने 'राम इज द टॉलेस्ट' लिहितात, आणि ती चूक आपल्या प्रश्नाने घडवलेली असते.

नियम कुठे सैल सोडायचा

पालकांना हे सांगायला हवं की हा नियम लेखी, शाळेच्या आणि परीक्षेच्या इंग्रजीचा आहे. बोलताना इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही दोघांसाठी 'बेस्ट' म्हणून जातात. सामन्याआधी 'मे द बेस्ट टीम विन' म्हणतात, संघ दोनच असतात. 'पुट युवर बेस्ट फुट फॉरवर्ड' म्हणतात, पाय दोनच असतात. हे ठरलेले वाक्प्रचार आहेत, तसेच ठेवायचे. जेन ऑस्टेनच्या 1815 मधल्या 'एमा' कादंबरीत घरात दोनच मुली असताना एमाला 'यंगेस्ट' म्हटलं आहे. तेव्हा असं बोललं म्हणजे इंग्रजी येत नाही, असा अर्थ होत नाही.

माझी पद्धत अशी. बोलताना मुलगा 'बेस्ट ऑफ द टू' म्हणाला तर मी अडवत नाही, उत्तर देताना फक्त 'हो, द बेटर वन' असं बरोबर रूप वापरते. निबंधात खूण करते, पण गुण कापत नाही. व्याकरणाच्या प्रश्नात मात्र, जिथे 'ऑफ द टू' स्पष्ट दिलं आहे तिथे, गुण जातो. तिथे प्रश्नच तेवढा विचारलेला असतो.

घरी करून पाहण्यासाठी

पालकहो, यासाठी पुस्तक लागत नाही. ताटात दोन भाकऱ्या ठेवा आणि विचारा, 'विच इज द बिगर?' मग तिसरी ठेवा आणि तोच प्रश्न 'बिगेस्ट' घालून विचारा. एक उचलली की पुन्हा 'बिगर'. भाकरी तीच, शब्द बदलला. हे दोन-तीनदा झालं की शिडीचा गैरसमज जातो.

आणि ही चार वाक्यं मुलांना तपासायला द्या. कोणती बरोबर, ते त्यांनी 'कोणाकोणात?' विचारून ठरवायचं.

1. माय मदर इज द टॉलेस्ट ऑफ माय पेरेंट्स.
2. पुणे अँड मुंबई आर बिग सिटीज. मुंबई इज द बिगेस्ट सिटी इन महाराष्ट्र.
3. शी इज द यंगर ऑफ द ट्विन्स.
4. माय लेफ्ट हँड इज द वीकेस्ट.

उत्तरं: पहिलं चूक, आई-वडील दोघंच, म्हणून 'टॉलर'. दुसरं बरोबर, तुलना महाराष्ट्रातल्या सगळ्या शहरांत आहे. तिसरं बरोबर. चौथं चूक, 'वीकर' हवं. चौथ्यावर एखादं मूल वाद घालेल की मी हात-पाय सगळे मोजले. तसं असेल तर त्याला वाक्यात तसं लिहायला सांगा, 'ऑफ ऑल माय लिंब्ज', आणि मग 'वीकेस्ट'ला पूर्ण गुण द्या.